पहिली दोन मिनिटे: पाहुण्यांचे नाव वाक्याच्या शेवटी यावे

ताई, मी विट्याची, शाळेत शिक्षिका आहे. ५ नोव्हेंबरला आमच्या महिला मंडळातर्फे शालेय मुलांची एकपात्री अभिनय स्पर्धा आहे, बावीस स्पर्धक आहेत, आणि उद्घाटनाचे निवेदन पहिल्यांदाच माझ्याकडे आले आहे. सचिवबाईंनी बजावले आहे की माझी ओळख, कार्यक्रमाची माहिती आणि व्यासपीठावरील चार पाहुण्यांची ओळख दोन मिनिटांत झाली पाहिजे. मी लिहिलेली संहिता ४१० शब्दांची आहे आणि घरी मोठ्याने वाचली तर चार मिनिटे वीस सेकंद लागतात. पाहुण्यांचे परिचय प्रत्येकी दोन-दोन पानांचे आले आहेत. काय काढू आणि काय ठेवू? संहिता सोबत पाठवते आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही घड्याळ लावून आणि मोठ्याने वाचलेत, त्यामुळे आपल्याला अंदाजावर विसंबून राहावे लागत नाही. ४१० शब्दांना २६० सेकंद लागतात, म्हणजे तुमचा वेग मिनिटाला सुमारे ९५ शब्दांचा आहे. सभागृहातील मराठी निवेदनासाठी हा वेग अगदी योग्य आहे आणि तो वाढवून वेळ वाचवण्याचा विचार तुम्ही मुळीच करू नये. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘उद्घाटनासाठी’, ‘व्यासपीठावरील’ असे सहा-सात अक्षरांचे शब्द सतत येतात. घाईने बोलल्यास त्यांची शेवटची अक्षरे गळतात, आणि मराठीत अर्थ त्या शेवटच्या अक्षरांतच असतो. शिवाय मोठ्या सभागृहात आवाज भिंतींवरून परत येतो आणि वेग वाढला की पुढचा शब्द मागच्या शब्दाच्या प्रतिध्वनीवर आदळतो.

या वेगाने दोन मिनिटांत १९० शब्द बसतात. परंतु हे सर्व शब्द तुमच्या वाट्याला येत नाहीत, कारण सुरुवातीची शांतता, प्रत्येक नावानंतरचा क्षणभराचा थांबा आणि टाळ्या यांना मिळून पंधरा सेकंद तरी लागतात. तेवढा वेळ वजा केला की १६५ शब्द उरतात. तेव्हा संहिता निम्म्याहूनही कमी करावयाची आहे, आणि इतकी मोठी काटछाट इकडचे एक विशेषण, तिकडचे एक क्रियापद काढून होत नसते. काही भाग मुळापासून काढावे लागतील आणि उरलेली वाक्ये नव्या पद्धतीने बांधावी लागतील.

तुमची संहिता मी शब्द मोजून वाचली. स्वागताची चारोळी आणि परिसराचे वर्णन यांना ९० शब्द, तुमच्या स्वतःच्या ओळखीला ३०, कार्यक्रमाच्या माहितीला ६० आणि चार पाहुण्यांना २३० शब्द गेले आहेत. पहिले ९० शब्द पूर्णपणे काढा. चारोळी वाईट नाही. दीपप्रज्वलनाच्या वेळी काडी विझली किंवा ध्वनिक्षेपक बंद पडला तर मधला वेळ भरण्यासाठी ती हाताशी ठेवा. तेथे तिचा खरा उपयोग होईल. ‘कृष्णामाईच्या पावन तीरावर जमलेल्या रसिकहो’ हे संबोधन मात्र कोठेच वापरू नका. कृष्णा सांगलीतून वाहते, विट्यातून नाही, आणि पाण्यासाठी अनेक वर्षे वाट पाहिलेल्या खानापूर तालुक्यातील श्रोत्यांना ते वाक्य दुसरीकडून उचललेले आहे हे ऐकताक्षणी कळेल.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे पाहुण्यांच्या ओळखीकडे येते. तुमच्या संहितेतील अध्यक्षांविषयीचे वाक्य असे आहे: ‘आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष म्हणून आपल्याला लाभलेल्या श्रीमती अमुक या गेली तीस वर्षे शिक्षणक्षेत्रात कार्यरत असून, त्यांना अनेक पुरस्कार प्राप्त झालेले असून, त्या आज आपल्यामध्ये उपस्थित आहेत हे आपले भाग्य आहे.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात चूक नाही, पण ते सभागृहात कसे ऐकू येईल याचा विचार करा. श्रोते नावाची वाट पाहत असतात. नाव कानावर पडले की त्यांच्या दृष्टीने ओळख पूर्ण होते आणि पुढच्या रांगेतील कोणीतरी टाळी वाजवतो. एकाने वाजवली की सर्वजण वाजवतात. तुमचे नाव सहाव्या-सातव्या शब्दानंतर आलेले आहे, त्यामुळे त्यापुढचे सगळे वाक्य टाळ्यांत बुडते. मग तुम्ही थांबता, टाळ्या ओसरल्या की ‘या गेली तीस वर्षे’ असे अर्धवट वाक्य पुन्हा उचलता, आणि श्रोत्यांना ते कोणाविषयी आहे हे आठवावे लागते. चार पाहुण्यांसाठी हे चार वेळा झाले की तुमची संहिता कितीही आटोपशीर असली तरी वेळ हाताबाहेर जातो.

आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि निवेदकांची पहिली अडचण तेथेच असते. लेखी मराठीची सवय असलेला मनुष्य नाव लिहून मोकळा होतो आणि मग ‘लाभले आहेत’, ‘उपस्थित आहेत’, ‘विराजमान झालेले आहेत’ हे सांगण्यासाठी वाक्य पुढे ओढत राहतो. व्यासपीठावरील ओळखीत या क्रियापदांची गरज नसते, कारण पाहुणे उपस्थित आहेत हे सर्वांना समोर दिसतच असते. तेव्हा क्रम उलटा करा. प्रथम त्यांचे या कार्यक्रमाशी जुळणारे काम सांगा, मग आजची त्यांची भूमिका सांगा, आणि सर्वांत शेवटी नाव घेऊन थांबा. क्रियापद लिहूच नका. ‘मुलांची नाटके शाळेच्या पटांगणात तीस वर्षे बसवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, श्रीमती अमुक.’ नाव आले आणि वाक्य संपले. टाळी वाजली तरी तिच्याखाली काहीही दडपले जात नाही.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे, जो पहिल्यांदा निवेदन करणाऱ्यांच्या विशेष उपयोगी पडतो. नाव वाक्याच्या मध्यात आले की त्याच्यामागे ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचे’, ‘यांच्याकडून’ असे काहीतरी जोडावे लागते, आणि मन थोडे जरी विचलित झाले तरी ‘यांना’ऐवजी ‘यांनी’ तोंडून जाते. मग वाक्य दुरुस्त करण्यासाठी नाव पुन्हा घ्यावे लागते. नाव शेवटी असले की ते मूळ रूपातच राहते आणि अडखळण्याची जागाच उरत नाही.

तुमच्यापुढचा दुसरा प्रश्न दोन पानांच्या परिचयातून एक ओळ कशी निवडायची हा आहे. येथे बहुतेक निवेदक सर्वांत मोठे पद किंवा सर्वांत मोठा पुरस्कार निवडतात. माझे मत वेगळे आहे. परिचय समोर ठेवून स्वतःला एवढेच विचारा की या मंडळाने याच व्यक्तीला याच कार्यक्रमासाठी का बोलावले. तुमच्या अध्यक्षांच्या परिचयात चौदा संस्थांवरील पदे आहेत, तीन पुरस्कार आहेत, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक साधी ओळ आहे की त्या दरवर्षी स्नेहसंमेलनासाठी मुलांची नाटके स्वतः बसवत असत. एकपात्री स्पर्धेत बसलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना तीच एक ओळ ऐकायची आहे. चौदा पदांची यादी ऐकून त्यांतील एकही लक्षात राहत नाही, आणि यादी वाचायला लागलेली चाळीस सेकंदे मात्र परत मिळत नाहीत. उरलेला परिचय वाया जाणार नाही. प्रत्येक पाहुणे भाषणासाठी उभे राहण्यापूर्वी त्यांना पाचारण करताना तीन-चार वाक्ये सांगण्याची संधी तुम्हाला मिळणारच आहे, आणि तेथे पुरस्कार सांगणे शोभूनही दिसते. हे आधीच अध्यक्षांच्या आणि उद्घाटकांच्या कानावर घालून ठेवले तर ‘माझा परिचय कमी सांगितला’ असे कोणाच्या मनात येणार नाही.

तिसरी गोष्ट टाळ्यांची. एका पाहुण्यासाठी साधारण सहा-सात सेकंद टाळ्या वाजतात, म्हणजे चौघांसाठी जवळजवळ अर्धे मिनिट जाते. शिवाय पहिल्या पाहुण्यांना जोरदार आणि चौथ्यांना विरळ टाळ्या मिळाल्या की ते व्यासपीठावर सर्वांनाच जाणवते. आपल्या भागात अशा लहान गोष्टी लोक बराच काळ लक्षात ठेवतात. म्हणून ओळखीला सुरुवात करतानाच सांगा की चौघांची नावे झाल्यावर आपण एकदाच टाळ्यांनी स्वागत करू. तरीही एखाद्या नावावर टाळी वाजलीच तर तिला हाताने थांबवू नका. ती ओसरू द्या आणि पुढच्या वाक्याला लागा. सचिवबाईंच्या मनात नाव घेताच शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देण्याची कल्पना असेल तर मात्र त्यांना आजच स्पष्ट सांगा की तो सत्कार उद्घाटनानंतर वेगळा ठेवावा. पाहुणे उठून पुढे येतात, शाल उलगडली जाते, छायाचित्रकार सर्वांना वळायला सांगतो, आणि एका सत्काराला अर्धे मिनिट सहज लागते. ते दोन मिनिटांत बसवणे कोणत्याही निवेदिकेला शक्य नाही.

नावांच्या क्रमाबाबत स्वतःचे डोके चालवू नका. निमंत्रणपत्रिकेवर छापलेला क्रम मंडळाने विचारपूर्वक ठरवलेला असतो आणि पाहुण्यांनी तो वाचलेला असतो, म्हणून तोच पाळा. काही निवेदक उत्कंठा वाढवण्यासाठी अध्यक्षांचे नाव शेवटी घेतात. संगीताच्या कार्यक्रमात ते चालते, पण औपचारिक उद्घाटनात अध्यक्षांचे नाव प्रथम घेण्याची आपली रीत आहे आणि मी ती मोडत नाही.

पत्रिकेवरील संक्षेप मात्र जसेच्या तसे तुमच्या कागदावर उतरवू नका. ‘मा.’ म्हणजे माननीयही होते आणि माजीही होते, ‘प्रा.’ म्हणजे प्राध्यापकही होते आणि काही पत्रिकांत प्राचार्यही होते. घाईत डोळा जे पाहील ते तोंड बोलते, आणि विद्यमान पदाधिकाऱ्याला ‘माजी’ म्हटले गेले तर तो शब्द परत घेता येत नाही. म्हणून प्रत्येक उपाधी पूर्ण अक्षरांत लिहा. ‘सौ.’ म्हणायचे की ‘श्रीमती’, ‘अध्यक्ष’ म्हणायचे की ‘अध्यक्षा’, हे त्या त्या बाईंना फोनवर विचारून घ्या. हा प्रश्न विचारल्याचा कोणाला राग येत नाही. माननीय, आदरणीय आणि सन्माननीय ही तिन्ही विशेषणे एकाच नावापुढे लावू नका. एकाच्या नावापुढे तीन आणि दुसऱ्याच्या नावापुढे एक, असे झाले की दुसऱ्याचा अवमान होतो, आणि प्रत्येकापुढे तीन लावायला तुमच्याजवळ शब्द नाहीत.

त्याच फोनवर आडनावाचा उच्चारही ऐकून घ्या. आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ ही अक्षरे दोन-दोन उच्चारांसाठी वापरली जातात. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळा आहे, पण लिहिताना फरक दिसत नाही. सांगली जिल्ह्यात, विशेषतः जतकडे, कानडी वळणाची आडनावेही पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कोणता स्वर लांबवायचा हे अक्षरांवरून कळत नाही. तुमच्या परीक्षक जतच्या आहेत असे तुम्ही संहितेत लिहिले आहे, तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव कसे उच्चारले ते ऐकून, तुम्हाला कळेल अशा खुणेने नावाच्या वर लिहून ठेवा.

आता कागदाविषयी सांगते, कारण माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक कागदामुळेच झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी साताऱ्यात एका पारितोषिक वितरणाचे निवेदन मी करत होते आणि पाच पाहुण्यांची नावे एकाच कागदावर ओळीने लिहिलेली होती. तिसरे पाहुणे आलेले नव्हते. मला ते व्यासपीठावर जाण्यापूर्वी कळलेही होते, पण कागदावर त्यांचे नाव दुसऱ्या आणि चौथ्या नावाच्या मध्ये होते. बोलण्याच्या ओघात मी ते वाचून टाकले, आणि सभागृहाने रिकाम्या खुर्चीसाठी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या शेजारी बसलेल्या पाहुण्यांचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्यासाठी पोस्टकार्डाएवढे वेगळे जाड कार्ड करते. पाहुणे आले नाहीत तर त्यांचे कार्ड बाजूला काढून ठेवायचे, आणि ऐनवेळी क्रम बदलला तर कार्डांचा क्रम बदलायचा. व्यासपीठावर पाऊल ठेवण्याच्या आधी खुर्च्यांवर बसलेली माणसे आणि हातातील कार्डे एकदा जुळवून पाहायची. कार्डावर अक्षर मोठे असावे, एका कार्डावर एकच वाक्य असावे आणि नाव वेगळ्या ओळीवर असावे. चार पाहुणे असतील तर ‘चार’ आणि ‘चौघे’ हे शब्द ज्या कार्डांवर आहेत त्यांवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, कारण एक पाहुणे कमी झाले तर तेही बदलावे लागतात आणि नेमके तेच विसरले जाते.

तुमच्या स्वतःच्या ओळखीबाबत माझे म्हणणे थोडक्यात सांगते. ‘मी काही मोठी निवेदिका नाही, हा माझा पहिलाच प्रयत्न आहे, काही चुकले तर लहान समजून क्षमा करावी’ हे वाक्य काढून टाका. ते ऐकल्यावर श्रोते चूक शोधू लागतात, आणि सतरा शब्दही खर्च होतात. श्रोत्यांना एवढेच कळायला हवे की बोलणारी व्यक्ती कोण आहे आणि ती कोणाच्या वतीने बोलते आहे. ते स्वागताच्या वाक्यातच बसते. स्वतःचे नाव पाहुण्यांच्या नावांनंतर कधीही सांगू नका. तसे केले तर तुम्ही पाचव्या पाहुण्या असल्यासारखे वाटते.

कार्यक्रमाच्या माहितीत तुम्ही रंगभूमी दिनाचा उल्लेख केला आहे आणि तो ठेवलाच पाहिजे, कारण सांगली जिल्ह्यात ५ नोव्हेंबरला नाटकाचा कार्यक्रम करताना विष्णुदास भावे यांचे नाव न घेणे योग्य होणार नाही. मात्र ‘जगातील पहिले मराठी नाटक’ हे तुमचे शब्द बदला. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात त्यापूर्वीच मराठी नाटके लिहिली गेली होती, आणि तुमचे उद्घाटक रंगकर्मी आहेत, त्यांना हे माहीत असणार. १८४३ साली सांगलीत सादर झालेल्या ‘सीतास्वयंवर’पासून मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो, एवढे म्हटले की विधान अचूकही राहते आणि त्याचा मानही कमी होत नाही. कार्डावर हे साल अंकांत न लिहिता ‘अठराशे त्रेचाळीस’ असे अक्षरांत लिहा, म्हणजे वाचताना जीभ थबकणार नाही. संस्थेचा इतिहास, स्पर्धेचे कितवे वर्ष आणि स्पर्धेमागील हेतू हे सर्व प्रास्ताविकाचे विषय आहेत. ते तुम्ही सांगून टाकले तर तुमच्यानंतर प्रास्ताविक करणाऱ्यांना बोलायला काही उरत नाही, आणि श्रोत्यांना तेच दोनदा ऐकावे लागते. तुम्ही फक्त आज काय होणार आहे आणि मुले कधी रंगमंचावर येणार आहेत हे सांगा. पालक त्या वेळेकडेच डोळे लावून बसलेले असतात.

या सर्वांचा विचार करून मी तुमची संहिता नव्याने बांधली आहे. नावांच्या जागी रेघ ठेवली आहे.

‘नमस्कार.

मराठी रंगभूमी दिनानिमित्त होत असलेल्या शालेय एकपात्री अभिनय स्पर्धेच्या उद्घाटन समारंभात, आपल्या महिला मंडळाच्या वतीने, मी —— आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

अठराशे त्रेचाळीस साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर रंगमंचावर आणले, आणि तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो. त्याच जिल्ह्यातील बावीस शालेय मुले आज एकेकटी या रंगमंचावर उभी राहणार आहेत. प्रथम उद्घाटन होईल, त्यानंतर मान्यवरांची मनोगते होतील, आणि बरोबर साडेअकरा वाजता पहिला स्पर्धक आपल्यासमोर येईल.

व्यासपीठावर आज चार मान्यवर आहेत. चौघांची नावे मी सांगते, आणि त्यानंतर आपण एकदाच टाळ्यांनी त्यांचे स्वागत करू.

मुलांची नाटके शाळेच्या पटांगणात तीस वर्षे बसवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, श्रीमती ——.

राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचे पारितोषिक मिळवलेले आणि आजही गावोगावी एकपात्री प्रयोग करणारे आपले उद्घाटक, श्री. ——.

स्पर्धेसाठी हे सभागृह विनामूल्य देणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आणि आजचे प्रमुख पाहुणे, ॲडव्होकेट ——.

आणि बावीसही प्रवेश पाहून आज सायंकाळी निकाल देणाऱ्या आपल्या परीक्षक, प्राध्यापक ——.

या चौघांचे टाळ्यांनी स्वागत करूया.

आता दीपप्रज्वलन आणि नटराजपूजनासाठी मान्यवरांनी पुढे यावे, अशी मी नम्र विनंती करते.’

प्रत्येकाचे नाव आणि आडनाव असे दोन शब्द धरले तर ही संहिता १६२ शब्दांची आहे. तुमच्या वेगाने नुसत्या बोलण्याला १०२ सेकंद लागतील. ‘नमस्कार’नंतरचे दोन सेकंद, चार नावांनंतर प्रत्येकी एक सेकंद आणि शेवटच्या टाळ्यांचे सात सेकंद मिळवले की एक मिनिट पंचावन्न सेकंद होतात.

‘नमस्कार’नंतरचे ते दोन सेकंद वाचवण्याचा मोह होईल, पण ते घालवू नका. तुम्ही बोलायला लागेपर्यंत ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याने तुमच्या माइकचा आवाज वर केलेला नसतो, आणि पहिला शब्द बहुतेक वेळा अर्धाच ऐकू येतो. एक छोटा शब्द बोलून थांबलात की त्याला आवाज जुळवायला आणि श्रोत्यांना तुमच्याकडे वळायला वेळ मिळतो. थेट लांब वाक्याने सुरुवात केली तर स्पर्धेचे नावच कोणाला कळत नाही.

सरावाच्या वेळी फोनवर आवाज मुद्रित करा आणि ऐकताना तीन ठिकाणी घड्याळ पाहा. स्वागताचे वाक्य सतराव्या सेकंदाच्या आसपास संपले पाहिजे, ‘आपल्यासमोर येईल’ हे शब्द पंचेचाळिसाव्या सेकंदाला आले पाहिजेत, आणि चौथे नाव एक मिनिट सदतीस-अडतीस सेकंदांना यावे. पहिल्या खुणेलाच पाच-सहा सेकंद आधी पोहोचलात तर तुम्ही घाबरून वेग वाढवला आहे असे समजा. तेव्हा मजकूर वाढवू नका, नावांच्या आधीचा श्वास पूर्ण घ्या. उशिरा पोहोचलात तर ‘त्याच जिल्ह्यातील’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य वगळा. ते मला आवडते, पण ते वगळले तरी पुढचे काही अडत नाही, आणि सात-आठ सेकंद मिळतात. त्या दिवशी प्रत्यक्षातही हीच मुभा ठेवा आणि त्या वाक्याभोवती कार्डावर कंस काढून ठेवा. पाहुण्यांच्या ओळींपैकी एखादी ओळ ऐनवेळी छाटण्याचा विचार मात्र करू नका, कारण एकाची ओळ लहान झाली की ती त्या एकाला नक्की जाणवते.

सराव पूर्ण उभ्याने करा, आणि शेवटचे दोन-तीन वेळा मंडळातील कोणाला तरी टाळ्या वाजवायला बसवा. टाळ्या सुरू असताना पुढचे वाक्य सुरू न करण्याची सवय वाचून लागत नाही. टाळ्यांचा जोर ओसरू लागला, पण पूर्ण शांतता पसरलेली नाही, अशा क्षणी ‘आता दीपप्रज्वलन’ हे शब्द आले पाहिजेत.

शेवटी, एक पाचवे कार्ड कोरे ठेवा. आपल्याकडे पत्रिकेत नसलेले कोणीतरी मान्यवर ऐनवेळी येतात आणि सचिवबाई खालून चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठी परीक्षकांच्या नावापर्यंत हाती आली तर कोऱ्या कार्डावर त्या व्यक्तीचे पद आणि नाव एवढेच लिहून घ्या, त्यांना परीक्षकांनंतर घ्या आणि पुढच्या वाक्यातील ‘या चौघांचे’ऐवजी ‘या सर्व मान्यवरांचे’ म्हणा. चिठ्ठी त्यानंतर आली तर ओळख मागे वळवू नका. दीप लावून पाहुणे आपापल्या जागी परतत असताना ‘आपल्यामध्ये आत्ताच आलेले, नगरपरिषदेचे अमुक पदाधिकारी, श्री. ——, यांचेही मंडळाच्या वतीने स्वागत’ एवढे एक वाक्य म्हणा आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळा. येथे नावानंतर ‘यांचेही’ आले आहे, कारण हे स्वागत एकाच वाक्यात आटोपायचे आहे. म्हणून हे वाक्यही आधी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून ठेवा.